भिंतीतली ओल आणि वायफायची रेंज

जत तालुक्यातल्या जुन्या गावठाणांत आजही दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींची घरं दिसतात. बाहेरच्या अंगाला काळा दगड, आतल्या अंगाला मातीचा गिलावा, मधल्या पोकळीत दगडगोटे आणि पांढऱ्या मातीची भर. वर तुळयांवर तोललेलं माळवद, आणि जिथे ते काढलं तिथे पत्रा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा याच भिंतींमुळे माजघर थंड राहतं. अशा घरात फायबरची तार रस्त्याच्या बाजूने येते, म्हणून राउटर बहुतेक वेळा सोप्यातल्या भिंतीवर बसतो. मग सोप्यात व्हिडिओ न अडखळता चालतो, मधल्या खोलीत तो थांबत थांबत चालतो आणि माजघरात ‘रेंजच येत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

‘भिंत जाड आहे ना, म्हणून’ असं त्याचं उत्तर सगळेच देतात, पण ते अर्धंच खरं आहे. जत हा पर्जन्यछायेतला भाग आहे आणि इथे पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरच्या आगेमागे पडतो. मे महिन्यात माजघरात चालणारं नेट पावसानंतर त्याच जागी, त्याच राउटरवर बंद पडू शकतं. भिंतीची जाडी तर बोटभरही वाढलेली नसते. वाढलेलं असतं ते तिच्यातलं पाणी. जाडी, पाणी आणि धातू या तिघांत रेडिओ लहरीला कोण किती अडवतं हे समजण्यासाठी आधी लहर काय वाहून नेते ते पाहावं लागेल.

अक्षर लहरीवर कसं बसतं

राउटरच्या अँटेनात विजेचा प्रवाह अतिशय वेगाने पुढे-मागे होतो. वायफायच्या जुन्या आणि सर्वांत रुळलेल्या पट्ट्यात तो सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा दिशा बदलून पुन्हा मूळ जागी येतो. हीच २.४ गिगाहर्ट्झ वारंवारता. या हालचालीमुळे आजूबाजूच्या अवकाशात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राची लहर उठते आणि प्रकाशाच्या वेगाने पसरते. या लहरीच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचं अंतर साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या पंजाहून थोडं कमी असतं. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे अंतर पाच-सहा सेंटिमीटरवर येतं.

नुसती एकसारखी लहर काहीच सांगत नाही. तिच्यात ठरवून बदल केला तरच माहिती जाते. सर्वांत साधा बदल असा: ठरावीक क्षणी लहर वर चढत निघाली तर तो १ समजायचा आणि खाली उतरत निघाली तर ० समजायचा. लहर कुठल्या टप्प्यापासून सुरू होते याला तिची कला म्हणतात. नुसत्या कलेच्या दोन पर्यायांत एका वेळी एक बिट जातो. कलेबरोबर लहरीची उंचीही बदलली, तर पर्यायांची संख्या वाढते. कला आणि उंची यांच्या ६४ वेगवेगळ्या जोड्या ठरवल्या, तर एकाच खेपेत सहा बिट जातात, कारण सहा बिटांच्या ० आणि १ च्या मांडण्या बरोबर ६४ होतात.

आता ‘जत’ हा शब्द फोनवर पाठवायचा आहे असं समजू. संगणकाच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांत लिहिलं जातं. एका बाइटात आठ बिट असतात, म्हणून ‘ज’ला २४ बिट लागतात आणि ‘त’लाही तेवढेच. ते असे दिसतात:

```
ज  11100000 10100100 10011100
त  11100000 10100100 10100100
```

हे ४८ बिट एकाच लहरीवर एकामागून एक चढवता आले असते, पण वायफाय तसं करत नाही. त्याची रीत शाळूच्या पेरणीतल्या कुरीसारखी आहे. चाड्यात ओतलेलं बी नळ्यांमध्ये वाटलं जातं आणि एका फेरीत अनेक तासं शेजारी शेजारी पेरली जातात. वायफायमध्येही आलेले बिट ४८ शेजारच्या बारीक लहरींत वाटले जातात. या लहरींच्या वारंवारतेत ३१२.५ किलोहर्ट्झचा फरक ठेवलेला असतो आणि त्या एकाच वेळी, एकाच अँटेनातून निघतात. त्यांच्याबरोबर आणखी चार लहरी नुसत्या खुणेसाठी असतात. त्या पाहून फोन आपलं मोजमाप जुळवून घेतो. अशी एक फेरी ४ मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखांपैकी चार भागांत पूर्ण होते.

सर्वांत सावध पद्धतीत प्रत्येक बारीक लहरीवर एकच बिट बसतो. म्हणजे एका फेरीत ४८ बिट. पण त्यांतले निम्मेच बिट माहितीचे असतात. उरलेले निम्मे वाटेत काही बिघडलं तर दुरुस्त करता यावं म्हणून जोडलेले असतात. माहितीचे २४ बिट, म्हणजे नेमकं एक देवनागरी अक्षर. प्रत्यक्षात बिट आधी विस्कटून विखुरले जातात आणि प्रत्येक निरोपापुढे पत्ता आणि इतर नोंदी जोडलेल्या असतात. तो भाग बाजूला ठेवला, तर पहिल्या फेरीत ‘ज’ जातो आणि दुसरीत ‘त’. हा वेग सेकंदाला ६० लाख बिट, म्हणजे ६ एमबीपीएस होतो.

सर्वांत धीट पद्धतीत प्रत्येक लहरीवर सहा बिट बसतात. ४८ लहरींवर २८८ बिट होतात आणि त्यांतले तीन-चतुर्थांश, म्हणजे २१६ बिट माहितीचे असतात. त्याच ४ मायक्रोसेकंदांत आता एका अक्षराऐवजी नऊ अक्षरं जातात. वेग होतो ५४ एमबीपीएस. नंतरच्या पिढ्यांच्या राउटरांनी लहरींची आणि पर्यायांची संख्या वाढवून हा वेग कितीतरी पटींनी पुढे नेला, पण रीत तीच राहिली.

भिंतीचा संबंध इथे येतो. दोनच पर्याय असतील, तर लहर बरीच क्षीण होऊन आली तरी ती वर चढत होती की खाली उतरत होती एवढं ओळखता येतं. ६४ पर्याय असतील, तर त्यांतला नेमका कोणता हे ओळखायला लहर गोंगाटापेक्षा बरीच ठळक लागते. म्हणून लहर क्षीण झाली की राउटर आणि फोन धीट पद्धत सोडून एकेक पायरी खाली उतरतात. त्यामुळे भिंतीमुळे रेंज कमी झाली की नेट एकदम तुटत नाही. आधी ते हळू होतं.

हिशेब ठेवण्याची रीत

राउटर बाहेर टाकतो ती शक्ती साधारण एक दशांश वॉट, म्हणजे १०० मिलिवॉट असते. फोनपर्यंत पोहोचते ती तिचा इतका लहान अंश असते की शून्यं मोजताना गोंधळ उडावा. म्हणून तंत्रज्ञ डेसिबल वापरतात. नियम सोपा आहे: १० डेसिबल घटले की शक्ती एक दशांश उरते, २० घटले की एक शतांश आणि ३ घटले की निम्मी. एक मिलिवॉट शक्तीला शून्य डीबीएम म्हणायचं ठरलं आहे. १०० मिलिवॉट म्हणजे मग अधिक २० डीबीएम, आणि फोनवर दिसणारे आकडे उणे असतात, कारण तिथे मिलिवॉटचा फार छोटा भाग पोहोचलेला असतो.

भिंत नसतानाही लहर पसरत जाते आणि विरळ होते. २.४ गिगाहर्ट्झला पहिल्या एका मीटरमध्ये सुमारे ४० डेसिबल जातात. त्यानंतर अंतर दुप्पट होईल तसे सहा-सहा डेसिबल जातात. ५ गिगाहर्ट्झला पहिल्याच मीटरात सुमारे सात डेसिबल जास्त जातात. त्याचं एक कारण असं की लहर जितकी आखूड, तितकी तिला पकडणारी अँटेनाही लहान, आणि लहान अँटेना कमी शक्ती गोळा करते.

दुसऱ्या टोकाला एक तळ आहे. कोणत्याही रिसिव्हरमध्ये उष्णतेमुळे आणि स्वतःच्या भागांमुळे गोंगाट असतो. वायफायच्या २० मेगाहर्ट्झ रुंद वाहिनीत तो साधारण उणे ९५ डीबीएम असतो. त्याखाली आलेली लहर गोंगाटात हरवते. वायफायच्या मानकाने प्रत्येक वेगासाठी रिसिव्हरची किमान पात्रता ठरवली आहे: ५४ एमबीपीएसचा वेग उणे ६५ डीबीएमला साधलाच पाहिजे, ३६ चा उणे ७० ला आणि ६ चा उणे ८२ ला. चांगले फोन याहून थोडे क्षीण संकेतही वाचतात, पण आपल्या हिशेबासाठी हे आकडे पुरेसे आहेत.

भिंतीत नेमकं काय होतं

लहर भिंतीवर येते तेव्हा पहिली गोष्ट घडते ती पृष्ठभागावरच. हवेतून दगडात शिरताना तिचा वेग एकदम बदलतो आणि त्यामुळे काही भाग मागे परततो. काळ्या दगडावर सरळ पडलेल्या लहरीच्या शक्तीचा साधारण पाचवा हिस्सा असा परततो. बाहेर पडताना दुसऱ्या पृष्ठभागावर पुन्हा काही भाग परततो. दोन्ही मिळून हा तोटा दोन-तीन डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे भिंत आतून पूर्ण पारदर्शक असती तरीही एवढा तोटा झालाच असता. लहर फार तिरकी, भिंतीला जवळपास घासून आली, तर परतणारा भाग बराच वाढतो. राउटर ज्या भिंतीवर टांगलेला असतो तिच्याच लांबीच्या रेषेत असलेली खोली म्हणूनच गैरसोयीची ठरते.

दगडगोट्यांच्या भरीव भिंतीत गोट्यांमधल्या फटी आणि माती यांमुळे लहर आतही ठिकठिकाणी विखुरते. तरीही कोरडा दगड आणि कोरडी माती लहरीला जितकी अडवतील असं आपल्याला वाटतं, तितकी अडवत नाहीत. मोठा तोटा होतो तो शोषणात, आणि शोषणाचा मुख्य धनी पाणी आहे.

पाण्याच्या रेणूचं एक टोक थोडं धन आणि दुसरं थोडं ऋण असतं. लहरीचं विद्युत क्षेत्र दिशा बदलतं तसा हा रेणू वळायचा प्रयत्न करतो. पण आजूबाजूच्या रेणूंच्या गर्दीत त्याला तत्काळ वळता येत नाही. तो मागे राहतो, शेजाऱ्यांना घासतो आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत बदलते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न तापतं ते असंच, आणि तो ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. पण २.४ गिगाहर्ट्झ ही पाण्याची काही खास वारंवारता आहे हा समज खरा नाही. नेहमीच्या तापमानाला पाणी सर्वांत जोरात शोषतं ते सुमारे २० गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथपर्यंत वारंवारता वाढेल तसं शोषण वाढतच जातं. ओल्या भिंतीत ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ च्या आधी का मरते, याचं मोठं कारण हेच.

ओलीने किती फरक पडतो याचा अंदाज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बांधकाम साहित्यासाठी दिलेल्या सूत्रांवरून काढता येतो. २.४ गिगाहर्ट्झला अगदी कोरडठाक जमिनीत मीटरमागे एक-दीड डेसिबल जातात. मध्यम कोरड्या जमिनीत तोच आकडा ६० च्या वर जातो. माती तीच, जाडी तीच, फरक फक्त ओलाव्याचा. विटेच्या भिंतीत मीटरमागे साधारण २३ डेसिबल जातात, म्हणून नऊ इंची भिंतीत जेमतेम पाच आणि वर पृष्ठभागावरचा तोटा. काँक्रीटमध्ये मीटरमागे सुमारे ६५ जातात, म्हणून सहा इंची स्लॅब दहा-बारा डेसिबल खातो आणि ५ गिगाहर्ट्झला तो तोटा जवळपास दुप्पट होतो.

दगड-मातीची खरी भिंत कोरडठाक आणि ओलसर मातीच्या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते, आणि वर्षभरात ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत राहते. जमिनीलगत ओल वर चढते, गळक्या माळवदातून पाणी भिंतीत उतरतं, पावसाच्या झडीने बाहेरची बाजू भिजते. जुन्या भिंतीवर अलीकडे सिमेंटचा गिलावा मारलेला असेल तर ही ओल अधिक काळ अडकून राहते. मातीचा गिलावा ओल बाहेर सोडतो. सिमेंटच्या थरातून ती सहज सुटत नाही.

धातूची गोष्ट अगदी वेगळी आहे. पत्र्यात लहर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच शिरते आणि जवळजवळ सगळी परतते. म्हणून पातळ पत्रा अडीच फुटी दगडी भिंतीपेक्षा पक्का अडसर ठरतो. पत्र्याचं दार असलेल्या खोलीत किंवा मोठ्या लोखंडी कपाटामागे रेंज जाते ती याच कारणाने. जाळीच्या बाबतीत छिद्र किती मोठं हे महत्त्वाचं. जुन्या भिंतीला नवं काँक्रीट जोडताना गिलाव्याखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी ठोकतात. तिची भोकं दोन सेंटिमीटरच्या आसपास असतात, साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीपुढे फारच लहान. अशी जाळी लहरीचा मोठा भाग परतवते, आणि गिलाव्यावरून तिचा पत्ताही लागत नाही. खिडकीतल्या सुट्या उभ्या गजांमधून मात्र लहरीचा पुष्कळ भाग निघून जातो.

माजघराचा हिशेब

आता एका नेहमीच्या मांडणीचा हिशेब करू. राउटर सोप्यात आहे, फोन आठ मीटर अंतरावर माजघरात आहे आणि मधे दोन फुटी दोन भिंती आहेत. राउटर अधिक २० डीबीएम टाकतो. पहिल्या मीटरात ४० जातात, पुढच्या सात मीटरांत १८. भिंती नसत्या तर फोनला उणे ३८ डीबीएम मिळाले असते, म्हणजे सर्वांत वरच्या वेगासाठी भरपूर.

मे महिन्यात भिंती चांगल्या वाळलेल्या आहेत. प्रत्येकीचा तोटा १५ डेसिबल धरू. दोघींचे ३० वजा केले की उरतात उणे ६८. ५४ एमबीपीएससाठी हवे होते उणे ६५. ते नाहीत, पण ३६ चा वेग सहज मिळतो. घरातल्यांना फरक जाणवतही नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला भिंती दमट होतात. प्रत्येकीचा तोटा २२ धरला तर फोनवर उणे ८२ उरतात, म्हणजे अगदी शेवटची पायरी. एका फेरीत एक अक्षर. सप्टेंबरच्या पावसात भिंती खोलवर भिजल्या आणि तोटा ३० झाला तर हिशेब उणे ९८ वर येतो. हे गोंगाटाच्याही खाली आहे. फोनच्या यादीत राउटरचं नावसुद्धा दिसणार नाही. भिंतीमागे १५ चे ३० डेसिबल झाले, हा बदल कागदावर लहान दिसतो, पण दोन भिंती मिळून पोहोचणारी शक्ती एक हजारांश उरते.

५ गिगाहर्ट्झला हाच हिशेब मेमध्येच फसतो. भिंती नसताना उणे ४५ आणि कोरड्या भिंतीचा तोटा २५ धरला, तरी दोन भिंतींनंतर उणे ९५ उरतात. राउटर दोन्ही पट्ट्यांवर चालत असेल तर सोप्यात ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतं आणि माजघरात ते नाहीसं होऊन फक्त २.४ चं राहतं, ते यामुळे. त्याहून खालच्या ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झवरचा मोबाइल टॉवरचा संकेत मात्र तिथे येतो. वायफाय बंद आणि फोन लागतोय, हे दोन्ही एकाच जागी खरं असू शकतं.

या हिशेबात परतीची वाटही मोजायला हवी. वायफाय हे बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच फोनला परत पाठवावी लागते. फोनचं प्रक्षेपण राउटरपेक्षा कमी, समजा पाच डेसिबलने कमी असतं. दमट भिंतींच्या दिवसांत फोनला उणे ८२ मिळतात, पण राउटरला फोनकडून उणे ८७ च मिळतात. फोन रेंजच्या दोन दांड्या दाखवतो आणि तरीही पान उघडत नाही, कारण दांड्या फक्त येणाऱ्या लहरीच्या असतात.

आणखी एक परिणाम सोप्यात बसलेल्यांना सोसावा लागतो. एका राउटरची वाहिनी एका वेळी एकच बोलणं वाहते. १,५०० बाइटांचा एक तुकडा ५४ एमबीपीएसने जायला सुमारे २२२ मायक्रोसेकंद लागतात, तर ६ एमबीपीएसने २,०००. माजघरातला फोन नऊपट वेळ वाहिनी अडवतो, आणि चुकलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागले तर त्याहूनही जास्त. म्हणून माजघरात कोणी व्हिडिओ लावला की राउटरसमोर बसलेल्याचं नेटही मंदावतं.

भिंत की प्रतिध्वनी, कसं ओळखायचं

खोलीत पोहोचणारी लहर एकाच वाटेने येत नाही. दारातून येते, चौकातून वळून येते, भिंतींवर आपटून येते. फेऱ्यांमध्ये ०.८ मायक्रोसेकंदांची मोकळी जागा सोडलेली असते. तेवढ्यात लहर २४० मीटर जाते, म्हणून घरातले प्रतिध्वनी पुढच्या फेरीत घुसत नाहीत. पण त्याच फेरीत दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना कमी करू शकतात. अशा जागा अर्ध्या लहरीच्या, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आसपासच्या अंतराने बदलतात.

त्यावरून ओळख सोपी होते. फोन वीतभर सरकवल्यावर वेग लक्षात येण्याइतका बदलत असेल, तर अडचण प्रतिध्वनींची आहे आणि जागा बदलून ती सुटते. सगळ्या खोलीत कुठेही नेलं तरी तोच मंद वेग राहत असेल, तर अडसर भिंतीचा आहे. विंडोज संगणकावर हे मोजायला एक आज्ञा पुरते:

```
netsh wlan show interfaces
```

तिच्या उत्तरात `Signal` टक्क्यांत दिसतो आणि `Receive rate` एमबीपीएसमध्ये. तिथे साधारण १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम आणि ० टक्के म्हणजे उणे १००, म्हणून ६० टक्के म्हणजे उणे ७०. आधी सोप्यात, मग मधल्या खोलीत, मग माजघरात मोजा आणि लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक काढा. भिंतीआधी आणि भिंतीनंतर हातभर अंतरावर मोजलं, तर हा फरक जवळपास त्या भिंतीचाच तोटा असतो. हेच मोजमाप मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये करून ठेवलं, तर आपल्या घरात ओल किती खाते ते कळतं. दोन्ही वेळा फरक मोठाच येत असेल, तर गिलाव्याखाली जाळी किंवा वाटेत पत्रा असण्याची शक्यता तपासावी.

`Signal` चांगला, पण वेग कमी असेल तर दोष भिंतीत नाही. शेजाऱ्यांचे राउटर त्याच वाहिनीवर बोलत असतील, किंवा फायबरमधूनच नेट मंद येत असेल.

वाट बदलणं

राउटरची शक्ती दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि फोनची शक्ती वाढत नाहीच, म्हणून परतीची वाट तशीच राहते. त्यापेक्षा एक भिंत टाळणं कितीतरी मोठं असतं. घराला चौक असेल तर राउटर रस्त्याकडच्या भिंतीवरून काढून चौकात उघडणाऱ्या दाराच्या वर, उंचावर आणा. लहर चौकातून दोन्ही बाजूंच्या खोल्यांत दारा-खिडक्यांमधून जाते आणि अनेक खोल्यांसाठी दोनऐवजी एकच भिंत किंवा एकही भिंत मधे येत नाही. राउटर कोनाड्यात ठेवू नका. तिथे तो तीन बाजूंनी दगडाने वेढला जातो.

माजघरात रेंज वाढवणारं यंत्र लावण्याची चूक वारंवार होते. ते यंत्र जिथे रेंज नाही तिथे ठेवलं, तर त्याला मिळालेलाच क्षीण संकेत ते पुढे देतं. ते पहिल्या भिंतीपलीकडे, जिथे चांगला संकेत अजून उरला आहे अशा मधल्या खोलीत ठेवावं लागतं. शिवाय साधं यंत्र एकाच वाहिनीवर ऐकतं आणि बोलतं, म्हणून वेग साधारण निम्मा होतो.

सर्वांत खात्रीचा उपाय भिंतीतूनच जातो. भिंतीत बोटभर भोक पाडून इथरनेटची केबल माजघरात न्यावी आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावावा. घरातलं अंतर या केबलच्या १०० मीटर मर्यादेच्या आत सहज बसतं. भिंत मेमध्ये १५ डेसिबल खाते की सप्टेंबरमध्ये ३०, याचा तांब्याच्या तारेतल्या संकेताशी काहीच संबंध उरत नाही. भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं ठेवावं आणि तोंड चुन्याने किंवा मातीने बुजवावं, नाहीतर त्याच वाटेने पावसाचं पाणी भिंतीत शिरेल.